बैठकीतलं पॅनेल

बँकेच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायला माझ्याइतका नालायक माणूस जिंतूर तालुक्यात दुसरा सापडला नसता, आणि माझ्या मुलीनं नेमकं मलाच धरलं.

माझी लायकी आधी सांगतो. तेहतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं हेड कॅशियर म्हणून वालूरच्या शाखेत. ऑफिसर व्हायला दोनदा प्रमोशनच्या मुलाखतीला बसलो आणि दोन्हीदा हात हलवत परत आलो. पहिल्या वेळी घशातून आवाजच निघाला नाही, त्यामुळं तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्या वेळी निघाला. पॅनेलमधल्या साहेबांनी विचारलं, "शाखेला आग लागली. आधी काय वाचवाल?" मी ताडकन म्हणालो, "किल्ल्या, सर." साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "आणि माणसं?" मी म्हणालो, "ती आपापली पळतील, सर."

पुढं काही विचारलं नाही त्यांनी. चहा मात्र दिला.

हा किस्सा मी घरी आल्याबरोबर सांगितला होता, तेव्हा मुलगी सातवी-आठवीत असेल. ती आणि तिची आई पोट धरून हसल्या होत्या. तर अशा बापाला ती परवाच्या जानेवारीत म्हणाली, "बाबा, माझी मॉक घ्या."

"मॉक म्हंजी?"

"खोटी मुलाखत. खरीच्या आधी सराव म्हणून घ्यायची. परभणीच्या क्लासमधी घेतेत, पण तिथं एका दिवसात चाळीस पोरं बसवायलेत. पाच मिंटं मिळतेत प्रत्येकाला. तुमी तर घरीच असता."

'तुमी तर घरीच असता' हे वाक्य रिटायर माणसाला किती लागतं ते तिला काय ठाऊक. पण मी आतून फुललो होतो. कारण ही मुलाखत साधी नव्हती. प्रोबेशनरी ऑफिसरची पूर्व परीक्षा ती पास झाली होती, मुख्य परीक्षाही झाली होती, आता फक्त मुलाखत उरली होती. आणि वयाची अट बघता ही तिची शेवटची खेप होती. पुढच्या जाहिरातीला ती तिशीच्या पलीकडं जाणार होती. म्हणजे या वेळी झालं तर झालं, नाहीतर ऑफिसरकीचं दार कायमचं बंद. ती हे बोलून दाखवत नव्हती. कॅलेंडरवर मुलाखतीच्या तारखेभोवती तिनं गोल काढला होता, तो इतका पेन दाबून काढला होता की मागच्या पानावर उमटला होता.

मी बैठकीत टेबल ओढलं. त्याच्यामागं तीन खुर्च्या मांडल्या. खऱ्या पॅनेलवर पाच जण असतात, पण आमच्याकडं खुर्च्या एकूण चार, आणि एक उमेदवाराला नको का? मग तीन खुर्च्यांवर आळीपाळीनं मीच बसायचं ठरलं. पहिल्या खुर्चीवरचा साहेब गोड होता. तो "कम इन, कम इन, रिलॅक्स" म्हणायचा. दुसऱ्या खुर्चीवर मॅडम होत्या. त्यांच्यासाठी मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचो आणि आवाज बारीक काढायचो. तिसऱ्या खुर्चीवर खडूस बसला होता. तो उमेदवाराकडं बघायचाच नाही, तिचा बायोडाटा उलटापालटा करत बसायचा आणि मधेच तोंड वर न करता वाकडा प्रश्न टाकायचा. असा एक जण प्रत्येक पॅनेलवर असतोच. मला दोन्ही वेळा त्यानंच खाल्लं होतं, म्हणून त्याची नक्कल मला पाठ होती.

लग्नातला कोट घातला. गुंड्या लागल्या नाहीत, उघडाच ठेवला.

"मे आय कम इन, सर?"

"आधी चप्पल बघ. पट्टा तुटलेली चप्पल घालून ऑफिसर होणार का?"

"बाबा, ही घरातली चप्पल हाय."

"बाबा कोण? इथं बाबा न्हाई कोणी. बाहेर जा, पुन्हा ये."

ती तीनदा आत आली, तीनदा मी बाहेर पाठवली. शेजारच्या मावशी वाळवणाचं सूप हातात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "का हो भाऊ, लेकीला घरात घ्यायलाव का न्हाई?" मुलगी हसून वाकली आणि चौथ्यांदा आत आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच राहिलं होतं. मी म्हणालो, "हां. हे बरोबर. असंच यायचं."

पहिले चार-पाच दिवस नुसती गंमत होती. मुलाखत इंग्रजीत. माझं इंग्रजी म्हणजे व्हाउचरवरचं. दोन ओळींच्या पुढं ते चालत नाही. मॅडमच्या आवाजात मी विचारलं, "टेल मी, एनईएफटी ऑन संडे, पॉसिबल?" ती म्हणाली, "यस मॅडम." मी चष्म्यावरून बघितलं. "संडे? बँक क्लोज्ड असते पोरी." ती म्हणाली, "मॅडम, आता एनईएफटी चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालतं. आरटीजीएससुद्धा. फरक येवढाच, आरटीजीएसला कमीत कमी दोन लाख लागतेत." मी म्हणालो, "आमच्या वेळेला..." ती म्हणाली, "मॅडम, तुमची वेळ संपली."

कर्जाचंही तसंच. ती कृषी पदवीधर, त्यामुळं पॅनेल शेतीवर घसरणार हे नक्की. मी गोड साहेबाच्या खुर्चीवरून विचारलं, सोयाबीनचं पीक कर्ज कधी थकीत धरायचं, एनपीए कधी? आणि तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, "नव्वद दिवस." ती शांतपणे म्हणाली, "नव्वद दिवस इतर कर्जांना, सर. सोयाबीन कमी मुदतीचं पीक हाय. हप्ता चुकल्यावर दोन हंगाम जाऊ द्यायचे. जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम." मी तेहतीस वर्षं बँकेत होतो आणि हे मला मुलाखत घेताना कळलं. कॅशच्या पिंजऱ्यात बसून मी बाहेरचं जग त्या छोट्या खिडकीएवढंच बघितलं होतं.

"तुम्ही पास," मी म्हणालो. "पॅनेल नापास."

छंदाच्या रकान्यात तिनं 'स्वयंपाक' लिहिलं होतं. मी म्हणालो, ते काढ, 'वाचन' लिही. ती म्हणाली, वाचन लिहिलं की शेवटचं पुस्तक कोणतं ते विचारतेत. मी म्हणालो, मग स्वयंपाक लिहिलं तर शेवटची भाजी कोणती ते विचारतील. ती म्हणाली, "विचारू द्या की. रोज मीच करायले." एवढं बोलून ती बायोडाटात काहीतरी खरडायला लागली. मला वाटलं, चला, हा विषय हसण्यावारी गेला. तिची आई वारल्यापासून चूल तीच सांभाळत होती, आणि हे मी इतक्या दिवसांत एकदाही तिच्यासमोर मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी मी तिसऱ्या खुर्चीवर बसलो. सकाळचे दहा वाजले असतील, बैठकीच्या फरशीवर ऊन आलं होतं. खडूसाचा आवाज लावला. बायोडाटा उलटा धरला, मुद्दाम.

"डिग्री झाली. पुढं? इतकी वर्षं काय केलं तुम्ही?"

हा गॅपचा प्रश्न. शिक्षण आणि नोकरी यांच्यात रिकामी वर्षं दिसली की पॅनेल तिथं बोट ठेवतंच. म्हणून मी तो मुद्दाम धरला.

"सर, मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होते."

"सगळेच करतात. इतकी वर्षं? आणि एकदाही सिलेक्शन नाही? एकदाही नाही?"

मला वाटलं, आता ती म्हणेल, 'सर, एकदा अर्ध्या मार्कानं गेलं.' चार वर्षांपूर्वी ती अशीच मुलाखतीपर्यंत पोचली होती, आणि निकालाच्या दिवशी तिनं घरात सांगितलं होतं की अर्ध्या मार्कानं राहिलं. त्या अर्ध्या मार्काचं मी पुढं फार केलं. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, भाऊबंदांत सांगत फिरलो, "आमच्या घराण्यात अर्धं राहायची पद्धतच हाय. मी अर्धा ऑफिसर, पोरगी अर्ध्या मार्कानं." लोक हसायचे. तीही तिथं असली तर हसायची.

मी कागदावरून डोळे वर केले नाहीत, कारण खडूस करत नाही. मग ती मराठीत बोलली. पण घरातल्या मराठीत नाही. पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द ठेवत.

"सर, सिलेक्शन झालं होतं."

मी कागद सुलटा केला. मला वाटलं, ती युक्ती करायलीय. "मॅडम," मी म्हणालो, "पॅनेलसमोर खोटं बोलू नका. पकडलं जातं."

"खोटं नाही, सर. चार वर्षांपूर्वी माझं नाव यादीत आलं होतं. बँक मिळाली होती. नंतर बँकेचं पत्रही आलं. तमिळनाडूत रुजू व्हायचं होतं, ओरिजिनल कागदपत्रं घेऊन. मी गेले नाही."

"का?"

हा 'का' माझ्या तोंडातून गेला, पण खडूसाच्या आवाजात. माझा आवाज कुठं गेला होता मला कळलं नाही.

"आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, सर. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. जिंतूरहून सकाळच्या एसटीनं न्यायचं, चार तास मशीनवर, दुपारनंतरच्या गाडीनं परत. परतताना तिला उलट्या व्हायच्या. एकटं पाठवता येत नव्हतं."

"घरात दुसरं कोणी..." मी थांबलो. पण ती थांबली नाही. पॅनेलनं प्रश्न अर्धा सोडला तरी उत्तर पूर्ण द्यायचं, हे मीच शिकवलं होतं.

"वडील होते, सर. ते बँकेत हेड कॅशियर होते. मी त्यांना विचारलं होतं, तीन-चार महिने रजा मिळेल का म्हणून. ते म्हणाले, कॅश सोडून कसा येऊ? मी नसलो तर शाखा उघडणार नाही."

हे वाक्य मला आठवत होतं. अगदी स्वच्छ. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बूट घालत होतो. तिनं विचारलं, मी हे म्हणालो, आणि वर अजून एक वाक्य टाकलं होतं, "तू हायेस की घरात." मला वाटलं होतं ती सहज विचारतेय. तिच्या हातात तेव्हा मोबाइल होता. आता मला समजतंय की त्यात काय असणार.

बँकेतल्या माणसाला सांगायला नको, किल्ल्या दुसऱ्याच्या ताब्यात देता येतात. रजिस्टरवर दोघांच्या सह्या, दहा मिनिटांचं काम. हेड कॅशियर रजेवर जातो, आजारी पडतो, मरतो, आणि दुसऱ्या दिवशी दहाला शाखा उघडते. मी रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ती उघडली, आणि माझ्या जागी बसलेल्या पोरानं माझ्यापेक्षा लवकर दिवसाचा हिशेब मिटवला. माझ्या शिल्लक रजा होत्या. काही वाया गेल्या. रजा न घेतल्याचा मला अभिमान होता, तो मी निरोपसमारंभात भाषणातही सांगितला. टाळ्या पडल्या होत्या.

"पण तुम्ही वडिलांना खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं. खडूसाचा आवाज आता फाटत होता.

"सांगितलं असतं तर ते आनंदानं घरभर ओरडले असते, सर. त्यांच्या पोटात काही राहत नाही. आईला कळलं असतं. आणि आईला कळलं असतं तर मी नोकरीवर जावं म्हणून तिनं डायलिसिसला येणं सोडलं असतं. ती तशीच होती. म्हणून मी अर्धा मार्क सांगितला."

बाहेर मावशींच्या अंगणात कुणीतरी बादली ओढत होतं. मला वाटलं उठावं, कोट काढावा, टेबलाच्या पलीकडं जावं. ती तीन पावलं मी मनातल्या मनात कितीदा तरी टाकली असतील, पण उठलो नाही. खुर्चीवरचा माणूस उठला असता तर तिचा बाप झाला असता, आणि बापाला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. पॅनेलला ठाऊक होतं.

मी बायोडाटा टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "उत्तर लांब झालं. दोन मिनिटांत बसव."

तिनं मान हलवली. वही उघडली आणि लिहिलं. मी उलट्या बाजूनं वाचलं, 'गॅप — २ मि.'

आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या. एकदा पगाराच्या दिवशी तिजोरीची किल्ली डब्यात भाकरीखाली ठेवून घरी आणली होती. एकदा तपासणीला आलेल्या साहेबाला गिऱ्हाईक समजून रांगेत उभं केलं होतं. त्या सगळ्या मी मीठमसाला लावून सांगतो. ही चूक मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

त्यानंतर मुलाखतीला अजून वीस दिवस होते. त्या वीस दिवसांत मी रोज मॉक घेतली, कधी दिवसातून दोनदा. रेपो दर विचारला, केवायसी विचारलं, प्राधान्य क्षेत्र विचारलं, सोयाबीनवरची पिवळी पानं विचारली, 'पोस्टिंग कुठंही चालेल का' विचारलं. तिनं "एनीव्हेअर इन इंडिया, सर" एवढं छान म्हणून दाखवलं की मी टाळी वाजवली. पण तिसरी खुर्ची मी भिंतीकडं सरकवून ठेवली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, खडूस सर आले न्हाईत का आज?" मी म्हणालो, "रजेवर हाय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तिनं विचारलं. मी म्हणालो, "त्याची बदली झाली."

ती मला तो प्रश्न पुन्हा विचारायला सांगत होती, हे मला आज कळतं. तिला त्या उत्तराच्या पुढचा रस्ता माझ्याबरोबर चालून बघायचा होता. गॅपचं उत्तर ऐकल्यावर कोणताही शहाणा माणूस पुढचा एकच प्रश्न विचारणार. मी तेहतीस वर्षं बँकेत होतो, मला तो प्रश्न दिसत होता. मी तो विचारला नाही. भीती वाटत होती.

मुलाखत पुण्याला होती. परभणीहून रेल्वेनं गेलो. इमारतीच्या फाटकाबाहेर आईबापांची ही गर्दी. कुणी पाण्याच्या बाटल्या धरून, कुणी फाइली. आत फक्त उमेदवार. मी तिची फाइल शेवटची तपासली: कॉल लेटर, बायोडाटा, पदवी, जातीचा कागद नको होता तरी ठेवला होता, झेरॉक्सवर तिच्या सह्या. चप्पल नवी होती. ती म्हणाली, "बाबा, तुमी कुठंतरी सावलीत बसा. असं फाटकापाशी उभं राहू नका." मी म्हणालो, "बसतो." आणि फाटकापाशी उभा राहिलो. भाकरी-ठेच्याचा डबा हातात. वॉचमननं दोनदा मागं सरकवलं.

शेजारी लातूरकडचे एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगाही आत होता. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठं होता नोकरीला?" मी म्हणालो, "बँकेत." ते म्हणाले, "अरे वा, मग काय, घरचंच." मी म्हणालो, "हो. पॅनेलवर मीच होतो." ते माझ्याकडं बघतच राहिले. मी तो विनोद समजावून सांगितला नाही.

ती दुपारी बाहेर आली. चेहरा ना हसरा ना रडका. रस्ता ओलांडून आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

"कसं झालं?"

"बरं झालं."

"शेतीचं विचारलं?"

"विचारलं. सांगितलं. सोयाबीन, दोन हंगाम, सगळं. एक सर मान हलवायले होते."

"आणि गॅप?"

"विचारला. मॅडमनी विचारला, खडूस सरांनी न्हाई. दोन मिंटांत सांगितलं. आईचं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, आय ॲम सॉरी टु हिअर. लय चांगल्या होत्या."

"मग?"

तिनं डब्याचं झाकण उघडलं. भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"मग त्या म्हणाल्या, आता घरी कोण हाय? मी म्हणाले, वडील. त्या म्हणाल्या, एकटेच? मी म्हणाले, हो. त्या म्हणाल्या, उद्या तुमचं पोस्टिंग दोन हजार किलोमीटरवर झालं आणि वडील आजारी पडले, तर मागच्या वेळेसारखं सोडून याल का?"

तो प्रश्न. खरंतर तो विचारायचा अधिकार त्यांचाच होता. बँक माणूस घेते तेव्हा तो टिकेल का हे बघणारच. मला राग कुणाचाच आला नाही.

"काय सांगितलंस?"

"काहीच न्हाई."

"काहीच न्हाई म्हंजी?"

"बसून राहिले. त्यांनी थांबून बघितलं. मग दुसऱ्या सरांनी म्हटलं, ओके, थँक यू."

मी तिला म्हणालो की एका उत्तरानं काही होत नाही, पाच जणांचे मार्क असतात, मुख्य परीक्षेचे मार्क धरतात, मुलाखतीचा वाटा कमी असतो. हे खरं होतं. ती म्हणाली, "हो ना." परतीच्या गाडीत तिनं खिडकीपाशी बसून पाठ्यपुस्तकासारखं सगळं पुन्हा वहीत लिहून काढलं: कोणी काय विचारलं, ती काय म्हणाली. एका प्रश्नासमोर फक्त रेघ.

निकाल एप्रिलमध्ये लागला. ती स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन उभी होती, गॅसवर दूध. मी दारात. तिनं नंबर टाकला, पान फिरत राहिलं, मग उघडलं. तिनं फोन माझ्या हातात दिला. यादीत नाव नव्हतं. मार्कपत्रिकेत मुख्य परीक्षेचे मार्क चांगले होते. मुलाखतीचे कमी होते. नेमके कशानं कमी झाले ते कुणी सांगत नाही, सांगायची पद्धत नाही. त्या एका गप्पपणानंच गेलं असं मी म्हणणार नाही. मला तसं सिद्ध करता येणार नाही.

"राखीव यादी असती," मी म्हणालो.

"त्यातही न्हाई."

दूध वर आलं. तिनं गॅस बंद केला, साय फुंकली. मी उंबऱ्यावर बसलो. चार वर्षांपूर्वी बूट घालत बसलो होतो तोच उंबरा, हे माझ्या लक्षात आलं आणि मी उठलो. मग उभाच राहिलो. काही वेळा माणसाला बसायला जागा नसते.

"ते त्यांनी विचारलं होतं," मी म्हणालो, "माझं. आजारी पडलो तर काय करशील म्हणून. तुझ्या मनात काय होतं?"

ती ओट्याकडं तोंड करून होती. "होतं की उत्तर. 'न्हाई सोडणार' असं. तेच द्यायचं असतं, सगळ्यांना ठाऊक हाय."

"मग का न्हाई दिलंस?"

"तुमाला विचारल्याशिवाय कसं देऊ, बाबा?" ती वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. "तुमी एकटे राहाल, असं मी कुणाच्या भरवशावर सांगू? मी वाट बघायले होते तुमी विचारताव म्हणून. रोज. खुर्ची भिंतीला लावून ठेवली तुमी."

मी म्हणालो, "राहीन की. मी राहीन एकटा. भात येतो मला लावता. मावशी हायेत शेजारी. डॉक्टर हाय चौकात. मी राहीन."

हे सगळं मी एका दमात म्हणालो. मुलाखतीत घसा बसला होता माझा, पण त्या दिवशी बसला नाही. शब्द इतके भरभर आले की मला नवल वाटलं, हे इतके दिवस कुठं होते.

तिनं ऐकून घेतलं. पुढं येऊन माझ्या शर्टाची वरची गुंडी लावली, ती सकाळपासून उघडी होती.

"आता न्हाई विचारायचं कुणी," ती म्हणाली. आणि दोन कप काढले.